लेबलावरचा आकडा आणि आख्खी बाटली

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. सकाळची ओ.पी.डी. संपत आली होती. कांद्याची टेम्पोतून वाहतूक करणारे एक गृहस्थ पत्नीसह आले. वय शेहेचाळीस. सहा वर्षांपासून मधुमेह, दोन प्रकारच्या गोळ्या चालू. फेब्रुवारीत त्यांची उपाशीपोटीची साखर १३२ होती. त्या दिवशीच्या रिपोर्टमध्ये ती २१० आणि जेवणानंतरची ३१८ होती. मी विचारले, "भाऊ, गोळ्या चुकल्या का?" ते म्हणाले, "एकही नाही, डॉक्टरसाहेब. भात बंद, चहा बिनसाखरेचा, दुपारची एक भाकरीसुद्धा कमी केली."

गोळ्या वाढवाव्यात म्हणून मी पेन हातात घेतले, तेवढ्यात त्यांच्या पत्नी हळूच म्हणाल्या, "आणि ती बाटली? ती सांगा की डॉक्टरांना." गृहस्थ जरा ओशाळले. खाली उभ्या असलेल्या टेम्पोतून ते आंब्याच्या पेयाची एक रिकामी बाटली घेऊन आले. उन्हाळा सुरू झाल्यापासून दुपारच्या फेरीला रोज एक बाटली, असा त्यांचा क्रम होता. पण चोरून पिण्याचा त्यांचा हेतू नव्हता. त्यांनी लेबल वाचले होते! बोटाने ओळ दाखवत ते म्हणाले, "हे बघा, अठ्ठावन्न कॅलरी. एका भाकरीत दोनशे असतात असं तुम्हीच सांगितलं होतं. म्हणून मी एक भाकरी कमी केली आणि ही घेतली. माझा तर फायदाच झाला ना?"

वाचकहो, त्या क्षणी मला माझीच चूक दिसली. लेबल वाचत जा, असे मी रुग्णांना वर्षानुवर्षे सांगत आलो. परंतु त्या लेबलावरचा आकडा कशाचा आहे, हे मात्र मी त्यांना कधी सांगितले नव्हते. अठ्ठावन्न हा आकडा खराच होता. तो आख्ख्या बाटलीचा नव्हता, तर तिच्यातल्या केवळ १०० मिलिलिटरचा होता. आणि बाटली होती ६०० मिलिलिटरची. आजचा लेख या एका हिशेबाविषयी आहे.

लेबल कोठून वाचावे?

बाटलीबंद पेयाच्या लेबलावर दोन गोष्टी शोधायच्या असतात. त्या बहुधा एकमेकींच्या शेजारी नसतात, आणि गफलत होते ती येथेच.

पहिली गोष्ट म्हणजे बाटलीत एकूण पेय किती आहे. 'नेट क्वांटिटी' या शब्दांपुढे हा आकडा मिलिलिटरमध्ये किंवा लिटरमध्ये छापलेला असतो. हा आकडा दरवेळी नव्याने पाहावा. तीच बाटली, तेच चित्र, पण कधी 'जादा' योजनेत ६०० ऐवजी ७५० मिलिलिटर भरलेली असते. शंभर मिलिलिटरचा आकडा तोच राहतो, पण आख्ख्या बाटलीचा बदलतो.

दुसरी गोष्ट म्हणजे पोषणमूल्यांचा तक्ता. तो बहुतेक वेळा बाटलीच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत असतो. चाळिशीनंतर तो नुसत्या डोळ्यांनी वाचणे कठीण जाते. मोबाईलने फोटो काढून तो मोठा करून पाहावा. तक्त्यात पहिली ओळ साधारणपणे ऊर्जेची म्हणजे 'एनर्जी'ची असते आणि तिच्यापुढे के, सी, ए, एल अशी चार इंग्रजी अक्षरे असतात. ती अक्षरे म्हणजे किलोकॅलरी. आपण बोलताना जिला नुसते 'कॅलरी' म्हणतो, ती हीच.

आता त्या तक्त्याच्या माथ्यावर काय लिहिले आहे ते पाहा. 'पर १०० एम.एल.' असे लिहिले असेल, तर खालचे सर्व आकडे शंभर मिलिलिटरचे आहेत. आपल्याकडच्या २०२० सालच्या लेबलविषयक नियमांप्रमाणे उत्पादकाने पोषणमूल्ये दर १०० ग्रॅमला वा दर १०० मिलिलिटरला द्यायची असतात. एका वेळी संपवण्याजोगे छोटे पाकीट असेल तर ती आख्ख्या पाकिटाची दिली तरी चालतात. म्हणून माथा वाचल्याशिवाय गुणाकार करू नये. आकडे आधीच आख्ख्या पाकिटाचे असतील आणि आपण पुन्हा गुणले, तर हिशेब उलट्या बाजूने चुकेल.

कोणी म्हणेल, हा शंभराचा घोळ घातलाच कशाला? सरळ बाटलीचाच आकडा द्यावा. पण त्यालाही कारण आहे. दुकानात दोन पेये शेजारी ठेवली, एक २५० मिलिलिटरचे आणि एक ६०० चे, तर कोणते अधिक गोड आहे हे आख्ख्या बाटलीच्या आकड्यावरून कळणार नाही. मोठ्या बाटलीचा आकडा मोठाच दिसेल. शंभर मिलिलिटर हे दोघांना एकच माप लावल्यासारखे आहे. तेव्हा शंभराचा आकडा तुलना करण्यासाठी, आणि आपल्या पोटात काय गेले हे कळण्यासाठी आख्ख्या बाटलीचा. पहिला छापलेला मिळतो, दुसरा आपण काढायचा.

हिशेब: पाढ्यांची आठवण ठेवा

रीत अगदी सोपी आहे. बाटलीतील एकूण मिलिलिटरला शंभराने भागा आणि येणाऱ्या संख्येने लेबलावरचा आकडा गुणा. शंभराने भागायचे म्हणजे शेवटची दोन घरे सोडून टिंब द्यायचे, एवढेच.

टेम्पोवाल्या भाऊंची बाटली ६०० मिलिलिटरची. सहाशे भागिले शंभर म्हणजे सहा. अठ्ठावन्न सक तीनशे अठ्ठेचाळीस. म्हणजे ती बाटली ५८ कॅलरींची नव्हती, ३४८ कॅलरींची होती.

सगळ्या बाटल्या अशा सरळ मापाच्या नसतात. पण आपल्या पिढीतल्या ज्यांनी शाळेत पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी घोकली आहे, त्यांना यात काहीच अवघड नाही. २५० मिलिलिटरची बाटली म्हणजे अडीचपट. १२५ मिलिलिटरचा छोटा डबा म्हणजे सव्वापट. १५० म्हणजे दीडपट. ३५० म्हणजे साडेतीनपट. ७५० म्हणजे साडेसातपट. सव्वा लिटरची बाटली म्हणजे १२५० मिलिलिटर, म्हणजे साडेबारापट. आणि समारंभात आणतात ती सव्वादोन लिटरची बाटली म्हणजे साडेबावीसपट.

समजा, एका काळ्या सोडायुक्त पेयाच्या लेबलावर दर १०० मिलिलिटरला ४४ कॅलरी लिहिल्या आहेत. त्याची २५० मिलिलिटरची बाटली म्हणजे चव्वेचाळिसाची अडीचपट, ११० कॅलरी. ७५० मिलिलिटरची बाटली ३३० कॅलरी. सव्वादोन लिटरची बाटली ९९० कॅलरी. लेबलावर तिन्ही ठिकाणी आकडा एकच, चव्वेचाळीस!

बाटली वाटून प्यायलात तर आधी आख्ख्या बाटलीचा आकडा काढा आणि मग भागा. मुलाच्या वाढदिवसाला सव्वादोन लिटरची बाटली सहा मुलांनी सारखी वाटून घेतली, तर ९९० भागिले सहा, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला १६५ कॅलरी आल्या. ग्लासात बर्फ टाकल्याने हा आकडा कमी होत नाही. बर्फाने पेय पातळ होते, गोडी कमी लागते, पण बाटलीतून जेवढे ओतले तेवढी साखर ग्लासात आहेच.

कॅलरी आल्या कोठून?

तक्त्यात ऊर्जेच्या खाली कार्बोहायड्रेट म्हणजे कर्बोदके, त्याखाली 'टोटल शुगर्स' म्हणजे एकूण साखर आणि त्याखाली 'अॅडेड शुगर्स' म्हणजे वरून घातलेली साखर, अशा ओळी असतात. भाऊंच्या बाटलीवर दर १०० मिलिलिटरला कर्बोदके १४.४ ग्रॅम, एकूण साखर १४ ग्रॅम आणि वरून घातलेली १२ ग्रॅम होती. उरलेली दोन ग्रॅम आंब्याच्या गराची स्वतःची. चरबी शून्य, प्रथिने जवळजवळ शून्य.

येथे एक छोटी पडताळणी करता येते. एक ग्रॅम कर्बोदकापासून साधारण चार कॅलरी मिळतात. १४.४ गुणिले ४ म्हणजे ५७.६. लेबलावर ५८ आहे. हिशेब जुळला. याचाच अर्थ असा, की या पेयातल्या जवळजवळ सगळ्या कॅलरी साखरेतून आल्या आहेत. दुधाच्या पेयात मात्र हा मेळ बसणार नाही, कारण तेथे चरबी आणि प्रथिने यांच्याही कॅलरी असतात. तेथे चारने गुणून आलेला आकडा लेबलावरच्या आकड्यापेक्षा कमी निघतो, म्हणून गोंधळून जाऊ नये.

साखरेलाही तोच सहाचा पाढा लावायचा. १४ सक ८४. एका बाटलीत ८४ ग्रॅम साखर. चहाचा भरलेला चमचा साधारण ५ ग्रॅमचा धरला, तर हे सुमारे सतरा चमचे झाले. मी भाऊंच्या पत्नीला विचारले, "वहिनी, यांच्या चहात पूर्वी साखर किती घालत होतात?" त्या म्हणाल्या, "दीड चमचा." दिवसातून दोन चहा धरले तर तीन चमचे. तीन चमचे सोडले आणि सतरा चमचे धरले, असा हा व्यवहार झाला होता. महिन्यात सव्वीस दिवस टेम्पो रस्त्यावर असे. सव्वीस बाटल्यांची साखर २,१८४ ग्रॅम होते. एकट्या माणसाची, महिन्याला दोन किलोच्या वर!

आणि भाकरीचे काय? मध्यम आकाराच्या ज्वारीच्या भाकरीला साधारण साठ ग्रॅम पीठ लागते आणि तिच्यातून दोनशेच्या आसपास कॅलरी मिळतात. म्हणजे भाऊंनी दोनशे कॅलरींची भाकरी सोडून ३४८ कॅलरींची बाटली घेतली होती, पावणेदोन भाकऱ्यांच्या बरोबरीची. पण नुसत्या कॅलरी सारख्या झाल्या तरी दोन्हींचे काम सारखे नसते. भाकरी चावावी लागते, तिच्यातला पिष्टमय भाग पचून त्याची साखर व्हायला वेळ लागतो, तिच्यात चोथा असतो, पोट भरल्याचे समाधान मिळते. पेयातली साखर आधीच विरघळलेली असते. ती पोटात फारशी थांबत नाही आणि रक्तात झपाट्याने चढते. पोट मात्र रिकामेच राहते. म्हणून भाऊंना संध्याकाळी चार वाजता पुन्हा भूक लागत असे आणि मग वडापाव होत असे. तो हिशेब निराळा.

टक्क्यांची गंमत

त्याच लेबलावर आणखी एक रकाना होता. त्याच्या माथ्यावर 'पर सर्व्ह' म्हणजे एका वाढणीचे आणि 'आर.डी.ए.' म्हणजे दिवसाच्या शिफारशीच्या किती टक्के, असे लिहिलेले. ऊर्जेपुढे सहा टक्के होते. हा आकडा पाहून कोणालाही हायसे वाटेल.

परंतु एक वाढणी म्हणजे किती? बारीक अक्षरांत खाली दिले होते: २०० मिलिलिटर, आणि बाटलीत अशा तीन वाढण्या. म्हणजे ६०० मिलिलिटरची बाटली तिघांनी प्यावी असे उत्पादकाने कागदावर गृहीत धरले आहे. टेम्पोच्या केबिनमध्ये मात्र ती एकटाच पितो. तेव्हा या रकान्यातले टक्के बाटलीतल्या वाढण्यांच्या संख्येने गुणायला हवेत.

हे टक्के कशाचे असतात, तेही समजून घेऊ. आपल्याकडच्या लेबलावर दिवसाला २००० कॅलरी आणि वरून घातलेली साखर ५० ग्रॅम, अशी मापे धरलेली असतात. एका वाढणीत ११६ कॅलरी, म्हणजे २००० चे सहा टक्क्यांना किंचित कमी. आख्ख्या बाटलीत ३४८, म्हणजे सतरा टक्क्यांहून थोडे अधिक. साखरेचे चित्र याहून बोलके आहे. एका वाढणीत वरून घातलेली साखर २४ ग्रॅम, म्हणजे ४८ टक्के. आख्ख्या बाटलीत ७२ ग्रॅम, म्हणजे १४४ टक्के. दिवसभराच्या मर्यादेची जवळजवळ दीडपट, एका बैठकीत! आणि हे ५० ग्रॅमचे माप धडधाकट प्रौढ माणसासाठी धरलेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या सल्ल्यातही अशा साखरेचा वाटा एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावा आणि जमल्यास पाच टक्क्यांवर आणावा असे म्हटले आहे. २००० कॅलरींचे पाच टक्के म्हणजे फक्त २५ ग्रॅम. मधुमेही माणसाला तर ५० ग्रॅम हे लक्ष्य समजून पिण्याचे काही कारणच नाही.

आणखी तीन ठिकाणी पाय घसरतो

भाऊंच्या या प्रसंगानंतर मी रुग्णांना घरातल्या बाटल्या घेऊन यायला सांगू लागलो. त्यातून तीन चुका वारंवार दिसल्या.

पहिली चूक सरबताच्या अर्काची. एक आजी ७५० मिलिलिटरची सरबताची बाटली घेऊन आल्या. लेबलावर दर १०० मिलिलिटरला २८० कॅलरी होत्या. आजींना धक्का बसला, कारण त्यांच्या नातवाने साडेसातने गुणून २,१०० आकडा काढला होता. गुणाकार बरोबर होता, पण आजी काही बाटली तोंडाला लावत नव्हत्या. एका ग्लासाला त्या ३० मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे अर्क घेत आणि वर पाणी. येथे ग्लासाच्या मापाने गुणायचे नाही आणि बाटलीच्याही नाही. जेवढा अर्क ओतला तेवढ्याने गुणायचे. ३० भागिले १०० म्हणजे ०.३, आणि २८० गुणिले ०.३ म्हणजे ८४ कॅलरी, साखर सुमारे २१ ग्रॅम. पाणी एक ग्लास घाला की दोन, ८४ चे ८४ च राहतात. मात्र काही अर्कांच्या लेबलावर 'पाणी घालून तयार केलेल्या' १०० मिलिलिटरचा आकडा दिलेला असतो. तसे असेल तर तयार ग्लासाच्या मापाने गुणावे. म्हणून पुन्हा तेच, तक्त्याचा माथा आधी वाचा.

दुसरी चूक आखातातून किंवा युरोपातून आलेल्या डब्यांची. तेथल्या लेबलावर ऊर्जेचे दोन आकडे असतात. एक के, जे या अक्षरांचा म्हणजे किलोज्यूलचा, आणि दुसरा किलोकॅलरीचा. एका गृहस्थांच्या मुलाने तिकडून आणलेल्या ३३० मिलिलिटरच्या डब्यावर १८० आणि ४२ असे दोन आकडे होते. त्यांनी पहिलाच आकडा उचलला आणि ३.३ ने गुणून ५९४ कॅलरी काढल्या. खरा हिशेब ४२ गुणिले ३.३, म्हणजे सुमारे १३९. फक्त किलोज्यूलच छापलेले असतील, तर ४.२ ने भागले की कॅलरी मिळतात. एखादा आकडा पुढे-मागे होतो, त्याची फिकीर करू नये.

तिसरी चूक 'नो अॅडेड शुगर' लिहिलेल्या फळांच्या रसाची. वरून घातलेली साखर शून्य, हे अगदी खरे. पण फळाची स्वतःची साखर रसात असतेच. अशा एका पाकिटावर एकूण साखर दर १०० मिलिलिटरला ११ ग्रॅम होती. २०० मिलिलिटरच्या पाकिटात दुप्पट, म्हणजे २२ ग्रॅम झाली, चार चमच्यांहून अधिक. मधुमेह्याने 'अॅडेड' या ओळीवर समाधान न मानता त्याच्या वरची एकूण साखरेची आणि कर्बोदकांची ओळ पाहिली पाहिजे.

उलटा हिशेब, आणीबाणीसाठी

आता पुन्हा भाऊंकडे वळू. त्या दिवशी मी गोळ्या वाढवल्या नाहीत. बाटली बंद, तिच्या जागी पाणी आणि घरचे ताक, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी, असे ठरले. परंतु त्यांना एक गोष्ट बजावून सांगणे भाग होते. त्यांच्या दोन गोळ्यांपैकी एक अशा गटातली होती, की जिने रक्तातली साखर नको तेवढी खाली येऊ शकते. इतके दिवस रोज ८४ ग्रॅम साखर पोटात जात होती. ती एकदम थांबली, त्यात दुपारचे जेवण लांबले, तर साखर उतरण्याची शक्यता होती. आणि हे गृहस्थ हमरस्त्यावर टेम्पो चालवणारे.

हातपाय थरथरणे, दरदरून घाम, छातीत धडधड, एकाएकी कडकडून भूक, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात गोंधळ ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी गाडी ताबडतोब बाजूला घ्यावी. ग्लुकोमीटर जवळ असेल तर साखर मोजावी. आकडा ७० च्या खाली असेल तर साधारण १५ ग्रॅम साखर लगेच घ्यावी. यंत्र नसेल तर मोजण्याची वाट पाहत बसू नये. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यावी, हे सर्वांत सोपे. पण रस्त्यावर टपरीवर बाटलीच मिळत असेल, तर त्याच लेबलाचा हिशेब उलटा करायचा. किती मिलिलिटरमध्ये १५ ग्रॅम साखर आहे? पंधराला लेबलावरच्या साखरेने भागा आणि शंभराने गुणा. भाऊंच्या पेयात १४ ग्रॅम होती. १५ भागिले १४, गुणिले १००, म्हणजे सुमारे ११० मिलिलिटर. दर शंभराला ११ ग्रॅम साखर असलेले पेय असेल तर सुमारे १४० मिलिलिटर. म्हणजे ग्लासभरसुद्धा नाही. ६०० मिलिलिटरची बाटली घाबरून रिकामी करण्याची गरज नसते. तसे केले तर तासाभराने साखर तीनशेवर गेलेली दिसते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. बरे वाटले नसेल तर पुन्हा तेवढेच घ्यावे आणि नंतर काहीतरी खावे.

या वेळी लेबल पाहण्याचे आणखी एक कारण आहे. त्याच रंगाच्या, त्याच आकाराच्या बाटलीत बिनसाखरेचे पेयही मिळते. त्याच्या तक्त्यात साखरेपुढे शून्य असते. साखर उतरलेली असताना ते कितीही प्यायले तरी उपयोग शून्यच. आणि रुग्ण बेशुद्ध असेल, गिळू शकत नसेल, तर त्याच्या तोंडात काहीही ओतू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. त्याला ताबडतोब रुग्णालयात हलवावे. भाऊंच्या क्लीनरलाही मी हे सर्व सांगितले.

तीन आठवड्यांनी भाऊ आले. उपाशीपोटीची साखर १४८ आणि जेवणानंतरची २०४ होती. अजून पूर्ण आटोक्यात नव्हती, पण गोळ्या वाढवाव्या लागल्या नाहीत. सोडलेली दुपारची भाकरी मी त्यांना परत सुरू करायला सांगितली. एकदा जेवण लांबले तेव्हा त्यांना घाम सुटला होता. त्यांनी टेम्पो धाब्याशी थांबवला, पाण्यात तीन चमचे साखर घेतली, पंधरा मिनिटे बसले आणि मग जेवले.

जाता जाता त्यांनी खिशातून एक कागद काढला. त्यांच्या सातवीतल्या मुलीने वहीचे पान फाडून तक्ता केला होता. डाव्या बाजूला बाटलीचे माप, मध्ये कितीपट ते, उजव्या बाजूला साखरेचे चमचे. ६०० मिलिलिटरच्या ओळीत सहापट आणि सतरा चमचे. तो कागद टेम्पोत स्टिअरिंगच्या वर चिकटवायचा होता. "बरोबर आहे का बघा," असे मुलीने विचारायला सांगितले होते. मी सर्व ओळी तपासल्या. एके ठिकाणी दिडकी चुकली होती, ती दुरुस्त करून कागद परत दिला.